खाल्लेलं अंगी का लागत नव्हतं

माझ्या धाकट्या भावाची तासगावजवळ द्राक्षबाग आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी चालू असते आणि तो दिवसभर उन्हात असतो, त्यामुळे त्या वर्षी तो वाळायला लागला तेव्हा घरात कुणाला फारसं वावगं वाटलं नाही. उन्हाळ्यात तहान लागणारच, कष्टाने भूक वाढणारच. पण जेवण दीडपट झालं होतं, रात्री उठून तो डब्यातल्या भाकरीही खात होता आणि तरी अडीच-तीन महिन्यांत बहात्तर किलोचा माणूस बासष्टवर आला होता. आईच्या मते जंत झाले होते. भावजयीला टीबीची धास्ती होती. शेजारच्या काकूंनी दृष्ट काढून झाली होती. आई फोनवर म्हणाली, "खाल्ल्यालं अंगी लागंना बघ पोराच्या."

मिरजेत माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. रोज शेकडो आकडे माझ्या हाताखालून जातात. आईला मी दोनच गोष्टी विचारल्या. तो पाणी किती पितो, आणि रात्री लघवीला किती वेळा उठतो. कळशीभर पाणी उशाशी घेऊन झोपतो, चार-पाचदा तरी उठतो, असं तिने सांगितलं. मी म्हटलं, उद्या सकाळी काही न खाता त्याला पाठवून दे.

हे दोन प्रश्न विचारण्यामागे कारण होतं. टीबीत वजन उतरतं, पण बहुतेकदा भूकही मरते. थायरॉइड वाढला तर भूक वाढून वजन उतरतं, पण त्यात छाती धडधडते, हात कापतात, घाम सुटतो आणि उकाडा सहन होत नाही. जंतांमुळे कुणी रात्रभर पाणी पीत नाही. भरपूर भूक, न भागणारी तहान, वारंवार आणि भरपूर लघवी आणि त्यातच उतरणारं वजन, हे सगळं एकत्र दिसलं की पहिला संशय मधुमेहाचाच घ्यायचा असतो, माणूस कितीही तरुण आणि सडपातळ असला तरी.

सकाळी तो आला तेव्हा गाल आत गेलेले, ओठ कोरडे. पट्ट्याला नवं भोक पाडलेलं होतं. रक्त घेतलं. उपाशी साखर 342 निघाली. तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए1सी 12.8. निरोगी माणसाची उपाशी साखर शंभराच्या आत आणि एचबीए1सी 5.7च्या खाली असतं. उपाशी साखर 126 किंवा एचबीए1सी 6.5 झालं की मधुमेह म्हणतात.

मग लघवी तपासली. ती दिसायला पाण्यासारखी पांढरीस्वच्छ होती. भरपूर पाणी पिणाऱ्याची लघवी अशीच दिसते, पण ती हलकीही असते. तिचं विशिष्ट गुरुत्व 1.005च्या आसपास येतं. याची लघवी रंगाने तितकीच फिकी, आणि गुरुत्व 1.028. म्हणजे पाण्यासारख्या दिसणाऱ्या त्या लघवीत काहीतरी भरपूर विरघळलेलं होतं. आता आम्ही लघवीची साखर पट्टीवरच बघतो, पण शिकायला येणाऱ्या मुलींसाठी मी बेनेडिक्टच्या द्रावणाची बाटली ठेवते. भावाला समोर उभं करून मी परीक्षानळीत पाच मिली निळं द्रावण घेतलं, त्यात आठ थेंब लघवी टाकली आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. साखर थोडी असेल तर निळ्याचं हिरवं होतं, जास्त असेल तर पिवळं, मग नारिंगी. याची नळी बघता बघता विटकरी लाल झाली आणि तळाशी गाळ बसला. तो म्हणाला, "अक्का, आमच्या मोरीत मुंग्या का लागतात ते आत्ता कळलं."

मुंग्यांची खूण फार जुनी आहे. लघवीकडे मुंग्या धावतात हे चरकसंहितेत प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत दिलेलं आहे.

पट्टीवर कीटोनचा, म्हणजे चरबी वितळून बनणाऱ्या पदार्थाचा रंगही फिकट उमटला होता. त्यामुळे वेळ न घालवता त्याला आमच्या ओळखीच्या ज्येष्ठ फिजिशियनकडे नेलं. उलटी नाही, पोटात दुखत नाही, श्वास नेहमीसारखा आहे, रक्तातलं बायकार्बोनेट ठीक आहे म्हणजे रक्त आम्लधर्मी झालेलं नाही, हे पाहून त्यांनी त्याला दाखल न करता संध्याकाळपासूनच इन्सुलिन सुरू करायचं ठरवलं. निघताना भावाने त्यांना विचारलं, "डॉक्टर, मी एवढं खातोय ते जातंय कुठं?" डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, कॅन द्या याला. कुठं जातंय ते तुम्हीच मोजून दाखवा."

चोवीस तासांची लघवी गोळा करायचा कॅन मी लगेच त्याच्या हातात दिला. निदानासाठी याची गरज नव्हती. निदान तर झालंच होतं. पण त्याचा प्रश्न खरा होता आणि त्याला उत्तर मिळायला हवं होतं. पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतचा थेंब न् थेंब कॅनमध्ये. साखरेच्या लघवीत जंतू वाढून तीच साखर खातात आणि आकडा खोटा कमी येतो, म्हणून कॅन द्राक्षांच्या थर्माकोलच्या पेटीत बर्फात ठेवायला सांगितला. दुसऱ्या दिवशी मोजला तर भरले 4.9 लिटर. सामान्य माणसाची दिवसाची लघवी दीड-दोन लिटर असते. आमच्या यंत्राला एवढी साखर थेट वाचता येत नाही, त्यामुळे वीसपट पातळ करून लावली. आकडा 175 आला. विसाने गुणून डेसिलिटरला 3500 मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला 35 ग्रॅम. 4.9 लिटरमध्ये झाली 171 ग्रॅम साखर.

मी काट्यावर 171 ग्रॅम साखर तोलली आणि वाटीत घालून त्याच्यासमोर ठेवली. ग्रॅमला चार कॅलरी धरल्या तर 684 कॅलरी. ज्वारीच्या मध्यम आकाराच्या तीन-चार भाकरी होतात एवढ्यात. एवढं जेवण रोज त्याच्या पोटात जाऊन, पचून, रक्तात येऊन लघवीवाटे बाहेर पडत होतं.

हे का होतं ते मी त्याला असं सांगितलं. मूत्रपिंडं दिवसाला साधारण 180 लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातलं जवळपास सगळं परत घेतात. रक्तातली साखर 100 असली तर लिटरमागे एक ग्रॅम, म्हणजे दिवसाला 180 ग्रॅम साखर गाळली जाते आणि सगळी परत रक्तात ओढली जाते. लघवीत काही उरत नाही. पण ही परत ओढण्याची ताकद अमर्याद नाही. साखर साधारण 180च्या वर गेली की थोडी थोडी सुटायला लागते, आणि कितीही झालं तरी दिवसाला पाचशे ग्रॅमच्या आसपासच परत घेता येते. भावाची दिवसाची सरासरी 380च्या आसपास धरली, तर 684 ग्रॅम गाळली जाणार, पाचशे परत येणार आणि 180च्या आसपास वाहून जाणार. कागदावर एवढं आलं होतं आणि कॅनमध्ये 171 सापडलं.

यावरून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्याची साखर 140-160मध्ये फिरते, त्याची लघवी कोरडीच राहते, म्हणजे तिच्यात साखर उतरत नाही, तहान लागत नाही, वजनही उतरत नाही. मधुमेह मात्र असतो. लक्षणं नाहीत म्हणून साखर नाही असं धरून बसलेले किती तरी लोक मी बघते. वयाबरोबर ही 180ची पायरी आणखी वर सरकू शकते, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांत तर साखर बरीच वाढूनही लघवी स्वच्छ येऊ शकते.

आता तहान. मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांमध्ये अडकून राहिलेली साखर पाणी धरून ठेवते. जे पाणी मूत्रपिंडाने परत घेतलं असतं ते साखरेबरोबर बाहेर पडतं, आणि सोबत मीठही नेतं. शिवाय रक्तात साचलेली साखर पेशींमधलं पाणी बाहेर खेचते. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तिथे रक्ताचा दाटपणा जोखणाऱ्या पेशी असतात. त्या आक्रसल्या की तहान लागते. म्हणजे आधी लघवी आहे आणि मग तहान. घरात सगळे उलटं समजत होते. एवढं पाणी पितो म्हणून एवढा उठतो, असा हिशेब मांडून आईने त्याला रात्री पाणी कमी प्यायला सांगितलं होतं. या अवस्थेत पाणी तोडलं तरी लघवी थांबत नाही, कारण साखर बाहेर पडायची थांबत नाही. फक्त माणूस आतून सुकतो, रक्तदाब पडतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो.

दुसरी अडचण उन्हाळ्याची होती. अशक्तपणा वाटतो म्हणून तो दिवसातून दोनदा उसाचा रस पीत होता, वर थंड पेयाची बाटली. तहानेला गोड पाणी दिलं की साखर आणखी वर जाते, लघवी आणखी वाढते आणि तासाभरात पुन्हा घसा कोरडा. त्या दिवसापासून त्याला साधं पाणी हवं तेवढं, आणि मीठ घातलेलं पातळ ताक.

भुकेचं आणि वजनाचं कोडं सोडवायला मात्र इन्सुलिनकडे यावं लागतं. भाऊ ऐकून घेत म्हणाला, "म्हणजे शेततळं काठोकाठ भरलंय, पण ठिबकचा व्हॉल्व्ह बंद. तळं सांडतंय आणि वेली वाळतायत." त्याने अगदी बरोबर पकडलं होतं. इन्सुलिनशिवाय स्नायूंना आणि चरबीच्या पेशींना रक्तातली साखर नीट आत घेता येत नाही. पण त्याच्या तळ्यात एक गोष्ट राहिली होती. मी त्याला विचारलं, तपासणीच्या आदल्या रात्री नऊला जेवलास, सकाळपर्यंत तोंडात काही घातलं नाहीस, रात्रभर लघवीतून साखर जात होती, मग सकाळी 342 कुठून आली?

ती त्याच्याच यकृतातून आली होती. रात्री जेवण नसतं तेव्हा मेंदूला साखर पुरवायला यकृत ताशी आठ-दहा ग्रॅम साखर सोडत असतं. इन्सुलिन त्याला आवरून धरतं. इन्सुलिन कमी पडलं की यकृताला वाटतं उपासमार आहे, आणि ते साखर बनवतच सुटतं. त्यासाठी कच्चा माल लागतो. तो स्नायू मोडून येतो. एरवी इन्सुलिन स्नायूंमधली प्रथिनं मोडू देत नाही आणि चरबी वितळू देत नाही. ते हटलं की प्रथिनं मोडून अमिनो आम्लं यकृताकडे जातात, त्यांची साखर होते, ती रक्तात येते आणि आधीच तुडुंब असलेल्या रक्तातून लघवीत जाते. वेलीचा स्वतःचा रस पिळून तळ्यात घालायचा आणि तळं तर सांडतंच आहे, असं ते चाललेलं असतं.

मी त्याला शर्ट काढायला लावला. खांद्याच्या हाडावरचा गोल भरावा सपाट झाला होता, मांड्यांच्या पुढचा भाग हाताला सैल लागत होता. बागेत उकिडवं बसून उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागतो, हे त्याने मला तेव्हाच सांगितलं. भाकरी वाहून गेल्या तशी मांडीही वाहून गेली होती. त्याचं उतरलेलं वजन असं तीन ठिकाणचं होतं. काही पाणी, काही चरबी, काही मांस. यातलं मांस जाणं सगळ्यात वाईट, कारण ते परत यायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

भुकेबद्दल लोक म्हणतात की पेशी उपाशी राहतात म्हणून भूक लागते. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. मेंदूच्या बहुतेक भागाला साखर घ्यायला इन्सुलिन लागत नाही. साखर 380 असताना मेंदूत ती भरपूर पोहोचत असते. तरी माणूस भुकेने कासावीस होतो, कारण भूक ठरवणारा हायपोथॅलॅमसचा भाग रक्तातली साखर बघून समाधानी होत नाही. तो बघतो इन्सुलिन किती आहे आणि चरबीतून येणारं लेप्टिन नावाचं संप्रेरक किती आहे. दोन्ही कमी दिसली की त्याच्या लेखी घरात धान्य संपलेलं असतं, आणि तो खायला लावतो. मधुमेही उंदरांना इन्सुलिन न देता नुसतं लेप्टिन पुरवलं तर त्यांची साखर फारशी न उतरताही ही बेसुमार भूक उतरते. त्यामुळे भाऊ जे जेवत होता त्याला हावरेपणा म्हणणं अन्यायाचं होतं. त्याचं शरीर त्याला खरंच उपाशी असल्याचं सांगत होतं आणि एका अर्थाने ते खरंही होतं.

डॉक्टरांनी पहिल्या भेटीत एक गोष्ट भावजयीला दोनदा बजावून सांगितली, आणि ती मी इथेही लिहिते. ही भूक अचानक मेली तर बरं वाटलं असं समजायचं नाही. चरबी बेसुमार वितळली की यकृतात तिचे कीटोन होतात. ते साचून रक्त आम्लधर्मी झालं की मळमळ, उलट्या, पोटदुखी सुरू होते, खाण्यावरची वासना उडते, श्वास खोल आणि जोरात चालतो, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. दोन महिने अधाशासारखं जेवणारा माणूस ताट बाजूला सारायला लागला आणि उलट्या होऊ लागल्या, तर त्याच तासाला रुग्णालय गाठायचं. पित्त झालं असेल म्हणून घरी लिंबूपाणी देत बसण्यात जीव जाऊ शकतो.

उपचाराला लागल्यावर लक्षणं ज्या क्रमाने गेली तो क्रमही त्या गणिताशी जुळणारा होता. रात्री एक दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन आणि जेवणाआधी जलद काम करणारं, असं सुरू झालं. मात्रा थोडी थोडी वाढवत साखर जशी 200च्या खाली यायला लागली तशी पहिल्यांदा लघवी कमी झाली आणि पाठोपाठ तहान. आठवडाभरात तो रात्री एकदाच उठू लागला. वजन लगेच दोन-अडीच किलो वाढलं. आई हरखली, पण ते मांस नव्हतं, परत आलेलं पाणी आणि मीठ होतं. भूक आणखी काही दिवसांनी ताळ्यावर आली. खांदे आणि मांड्या भरायला मात्र पावसाळा उलटला, तेही रोजच्या जेवणात डाळ, अंडी आणि मटकी नेमाने ठेवल्यावर.

मधेच एक घाबरवणारा प्रकार झाला. साखर उतरत असताना त्याला अंधुक दिसायला लागलं. औषधाने डोळे गेले अशी घरात बोंब झाली. साखर जास्त असताना डोळ्याच्या भिंगातलं पाण्याचं प्रमाण बदलतं आणि साखर झपाट्याने उतरली की ते पुन्हा बदलतं, म्हणून काही आठवडे नंबर हलता राहतो. डॉक्टरांनी पडदा तपासून घेतला, तो चांगला होता, आणि नवा चष्मा महिना-दीड महिना करू नका म्हणून सांगितलं. त्या मुदतीत दिसणं आपोआप सुधारलं.

पुढचा प्रश्न होता की हा मधुमेह कोणत्या प्रकारचा. सडपातळ माणूस, झपाट्याने वजन उतरलेलं, कीटोन दिसलेले, त्यामुळे स्वतःच्या स्वादुपिंडावर शरीराने हल्ला केलेला टाइप 1 असू शकतो का हे बघणं भाग होतं. त्या हल्ल्याची खूण असणाऱ्या गॅड अँटीबॉडी तपासल्या, त्या आल्या नाहीत. सी-पेप्टाइड म्हणजे स्वादुपिंड स्वतः किती इन्सुलिन बनवतंय त्याचं माप. ते सुरुवातीला कमी होतं, पण साखर दोन-तीन महिने ताब्यात राहिल्यावर परत केलं तेव्हा चांगलं वाढलं होतं. बराच काळ चढलेली साखर स्वादुपिंडाच्या पेशींनाच मंदावते. तिला खाली आणलं की त्या पेशी काही प्रमाणात सावरतात. हा टाइप 2च होता, फक्त मर्यादेबाहेर गेलेला. हळूहळू जेवणाआधीची इन्सुलिन बंद झाली, नंतर रात्रीचीही, आणि आता तो मेटफॉर्मिनच्या गोळ्यांवर आहे. सगळ्यांचंच इन्सुलिन असं सुटत नाही. टाइप 1मध्ये तर ते कधीच बंद करायचं नसतं.

मध्यंतरी गावातला एक जण त्याला म्हणाला, माझ्या लघवीत भरपूर साखर येते पण डॉक्टर म्हणतात चालेल, मग तुझं एवढं काय होतं? भावाने मला फोन केला. त्या माणसाला डापाग्लिफ्लोझिनची गोळी चालू होती. ही औषधं मूत्रपिंडाची साखर परत घेण्याची वाट मुद्दाम अडवतात आणि रक्तातली जास्तीची साखर लघवीतून काढून टाकतात. त्याच्या शरीरात इन्सुलिन पुरेसं असल्यामुळे यकृत आवरलेलं असतं आणि स्नायू मोडत नाहीत, म्हणून बेनेडिक्टची नळी दोघांची सारखीच लाल आली तरी आत चाललेलं वेगळं असतं. मात्र या गोळ्यांवर असताना साखर फार चढलेली नसतानाही कीटोन साचू शकतात, म्हणून उलट्या आणि पोटदुखी सुरू झाली तर ग्लुकोमीटरचा आकडा बरा दिसतोय म्हणून थांबायचं नाही, कीटोन तपासून घ्यायचे.

भावाचं वजन आता अडुसष्ट किलो आहे आणि एचबीए1सी 6.6. घरी ग्लुकोमीटर आहे. ताप आला किंवा छाटणीच्या धावपळीत गोळ्या चुकल्या की तो रात्री किती वेळा उठला ते आधी मोजतो, दोनपेक्षा जास्त झालं तर सकाळी उपाशी साखर बघतो, आणि ती 250च्या वर गेली तर लघवीची कीटोनपट्टी लावून मला आकडा आणि रंग दोन्ही कळवतो.